चार ओळींची तपासणी

लग्नाचा बायोडाटा तयार झाला की घरातले सगळे तो वाचून बघतात. ‘कुलदैवत’मधला कु ऱ्हस्व आहे ना, आजोळच्या गावाचे नाव बरोबर पडले आहे ना, वरती ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’ आले आहे ना, हे पाहून होते आणि कागद पुढे जातो. या वाचनात शुद्धलेखनाच्या चुका सापडतात, आणि त्या राहिल्या असत्या तरी फारसे बिघडले नसते. ऱ्हस्वाचे दीर्घ झाले म्हणून समोरच्याचा गैरसमज होत नाही. गैरसमज होतो तो आकड्यांनी. ‘उंची ५.४’ किंवा ‘वेळ १२.५०’ या ओळी दिसायला नीटनेटक्या असतात, डोळा कुठे अडखळत नाही, आणि वाचणारा आपल्या मनाने त्यांचा अर्थ लावून मोकळा होतो. तो विचारायला येत नाही. ‘उंची कमी वाटते’ किंवा ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप येतो, किंवा निरोपच येत नाही.

म्हणून बायोडाटा तपासायचा तर नुसता वाचून चालत नाही, तो ताडून पाहावा लागतो. प्रत्येक ओळ आधी तिच्या कागदाशी ताडायची आणि मग त्याच पानावरच्या दुसऱ्या ओळींशी. कागद म्हणजे दवाखान्याचे कार्ड, जन्मदाखला, दहावीचे प्रमाणपत्र, पदवी. दुसऱ्या ओळींशी ताडण्याचा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. एका ओळीतली चूक पुष्कळदा तिच्या शेजारच्या ओळीमुळेच उघडी पडते.

चुका बहुतेक वेळा शिरतात त्या डीटीपीच्या दुकानात. तिथे बायोडाटा कोऱ्या पानावर क्वचितच टाइप होतो. आधीच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडतात आणि तिच्यावर नवी माहिती भरतात. तुम्ही जी ओळ दिली नाही, ती आधीच्या माणसाची तशीच राहू शकते. रक्तगट, देवक, गण, नाडी या ओळी विशेषकरून अशा उरतात, कारण त्या छोट्या असतात आणि प्रत्येक बायोडाट्यात सारख्याच दिसतात. फाइलचे नावही कधी कधी आधीच्या मुलाचे असते आणि व्हॉट्सअॅपवर पाठवल्यावर सगळ्यांना दिसते. तेव्हा पहिले वाचन एवढ्याचसाठी करायचे : प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारायचे, ही माहिती आपल्यापैकी कोणी दिली? जिला मालक नाही ती ओळ खोडायची.

आता नमुन्यादाखल एका मुलीचा बायोडाटा घेऊ. मुलगी या प्रकरणापुरती कल्पिलेली आहे, पण जन्माच्या वेळची ग्रहस्थिती खरी आहे. तिच्या पानावर असे लिहिले आहे :

जन्मतारीख : १३/११/१९९७
जन्मवेळ : १२.५०
जन्मस्थळ : पुणे
रास, नक्षत्र : मेष, भरणी
गण, नाडी : देव, मध्य
उंची : ५.४
शिक्षण : बी.ई. (कॉम्प्युटर) २०१८, एम.बी.ए.

या सात ओळींत एकही अशुद्ध शब्द नाही. तरीही यातली जन्मस्थळाची ओळ सोडली तर जवळजवळ प्रत्येक ओळीला काहीतरी विचारावे लागणार आहे.

उंचीपासून सुरुवात करू, कारण ती सोपी आहे. आपण बोलताना ‘पाच चार’ म्हणतो आणि लिहिताना मध्ये टिंब देतो. या टिंबाचे दोन अर्थ होतात. पाच फूट चार इंच म्हणजे १६२.५ सेंटिमीटर. पण ५.४ हा दशांश अपूर्णांक धरला तर ते पाच फूट आणि जवळपास पावणेपाच इंच होतात, म्हणजे १६४.५ सेंटिमीटर. मुलीच्या मामाने परदेशातल्या स्थळासाठी ५.४ ला ३०.४८ ने गुणून सेंटिमीटर काढले, तर इंग्रजी बायोडाट्यात १६४.५ येणार आणि मराठीत ५.४ राहणार. दोन सेंटिमीटरने लग्न मोडत नाही, पण दोन कागदांवर दोन उंच्या दिसल्या की वाचणाऱ्याला दोन्हींबद्दल शंका येते.

मोठा घोटाळा होतो तो पाच फूट दहा इंचांच्या माणसाच्या बाबतीत. वधूवर मंडळांच्या याद्या पुष्कळदा एक्सेलमध्ये असतात. तिथे कोणी 5.10 असे टाइप केले की एक्सेल ती संख्या समजून शेवटचे शून्य गाळते आणि चौकटीत 5.1 दिसू लागते. पाच फूट दहा इंचांचा, म्हणजे १७७.८ सेंटिमीटरचा मुलगा यादीत पाच फूट एक इंचाचा, १५५ सेंटिमीटरचा होतो. टिंबाऐवजी रेघ दिली तर आणखी वेगळे होते : 5-4 लिहिले की एक्सेल त्याची तारीख करते आणि उंचीच्या रकान्यात 05-Apr उमटते. फूट-इंचांच्या ' आणि " या खुणाही भरवशाच्या नाहीत. जुन्या फाँटमधून नव्यात मजकूर नेताना त्या गळतात किंवा दुसरेच चिन्ह होतात, आणि खुणा गळाल्या की ५'११" चे ५११ होते.

यावर उपाय एकच : फूट आणि इंच शब्दांत लिहायचे आणि शेजारी सेंटिमीटर द्यायचे. ‘५ फूट ४ इंच (१६२.५ सें.मी.)’. एकात चूक झाली तरी दुसरा आकडा ती दाखवून देतो. पडताळणी कोणालाही करता येते : फूट गुणिले बारा अधिक इंच, आणि आलेले गुणिले २.५४. आपल्या उदाहरणात ६४ इंच, म्हणजे १६२.५६.

पण हा आकडा मुळात आला कुठून? बहुतेकांची उंची कॉलेजात किंवा पासपोर्टच्या वेळी कधीतरी सांगितलेली असते, मोजलेली नसते. म्हणून बायोडाट्यासाठी एकदा मोजावीच. अनवाणी, टाचा, नितंब आणि खांदे भिंतीला टेकवून, नजर समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचे पुस्तक भिंतीशी काटकोनात धरायचे, त्याच्या खालच्या कडेशी पेन्सिलीची खूण करायची आणि माणूस बाजूला झाल्यावर टेपने मोजायचे. पुस्तक तिरके धरले की एक-दीड सेंटिमीटर सहज वाढतो. सकाळची उंची संध्याकाळपेक्षा साधारण सेंटिमीटरभर जास्त भरते, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या थोड्या दबतात. म्हणून मिलिमीटरचा हट्ट धरण्यात अर्थ नाही, जवळच्या अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत आकडा पुरे. इंच-दीड इंच वाढवून लिहिण्याची रीत मला मुळीच मान्य नाही. पहिल्याच भेटीत माणसे शेजारी उभी राहतात आणि तिथे तो आकडा तपासला जातो.

आता जन्मवेळ. पत्रिका पाहायची की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण कागदावर वेळ छापली की ती बघितली जाणार आणि तिच्यावरून निर्णय होणार. तेव्हा ती बरोबर असली पाहिजे, आणि नेमकी हीच ओळ सर्वांत जास्त चुकते.

आपल्या नमुन्यातले ‘१३/११/१९९७, १२.५०’ तीन प्रकारे वाचता येते. १२ आणि १३ नोव्हेंबरच्या मधल्या रात्री बारा पन्नास. १३ च्या दुपारी बारा पन्नास. किंवा १३ आणि १४ च्या मधल्या रात्री बारा पन्नास. तिसरा अर्थ शब्दशः पाहिला तर बसत नाही, कारण मध्यरात्रीनंतर इंग्रजी तारीख १४ होते. पण घराघरांत नेमका हाच अर्थ अभिप्रेत असतो. आपल्याकडे पंचांगाचा वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो, त्यामुळे गुरुवारी रात्री एक वाजता झालेले मूल गुरुवारचेच. घरात विचारले तर काय ऐकू येते ते बघा.

“गुरुवारच होता,” आई म्हणते. “माझा उपास होता, तो सोडायच्या आतच कळा सुरू झाल्या.”

“ताई, तुला नेलं तेव्हा गुरुवार होता,” मावशी म्हणते. “पोर झाली तेव्हा बारा वाजून गेले होते. सिस्टरबाईंनी कार्डावर चौदा तारीख घातली म्हणून भाऊजी त्यांच्याशी वाद घालत होते.”

दोघीही खरे सांगत आहेत. १३ नोव्हेंबर १९९७ ला गुरुवार होता आणि १४ ला शुक्रवार. आईने वार पंचांगाचा सांगितला, दवाखान्याने तारीख घड्याळाची घातली. चूक झाली ती या दोन्ही पद्धती एका ओळीत मिसळताना : तारीख आईच्या वारावरून घेतली आणि वेळ दवाखान्याच्या कार्डावरून.

यातून काय बदलते ते पाहू. चंद्र दिवसाला सरासरी १३ अंशांच्या आसपास सरकतो आणि एक नक्षत्र १३ अंश २० कलांचे असते. म्हणजे तारीख एका दिवसाने हलली की चंद्र साधारण एका नक्षत्राने हलतो. त्या आठवड्यात १३ तारखेच्या संध्याकाळी अश्विनी नक्षत्र संपून भरणी लागले आणि ते १४ च्या दुपारी उशिरापर्यंत होते. मुलगी १४ च्या पहिल्या तासात जन्मली, म्हणून तिचे नक्षत्र भरणी. पण संगणकात १३ तारीख घातली, तर वेळ रात्रीची घाला की दुपारची, उत्तर अश्विनी येते. नुसते कॅलेंडर पाहिले तरी तेच होईल, कारण पंचांगात दिवसासमोर सूर्योदयाच्या वेळचे नक्षत्र दिलेले असते आणि १३ च्या सूर्योदयाला अश्विनी होते. नक्षत्र ज्या वेळी संपते ती वेळ पंचांगात शेजारीच छापलेली असते, तीही वाचायला हवी.

दोन्ही नक्षत्रे मेष राशीतलीच, त्यामुळे राशीच्या ओळीकडे बघून काही कळणार नाही. पण अश्विनीचा गण देव आणि नाडी आद्य, तर भरणीचा गण मनुष्य आणि नाडी मध्य. आता पुन्हा नमुना पाहा. तिथे नक्षत्र भरणी, नाडी मध्य, पण गण देव आहे. हे कधीच शक्य नाही. गण आणि नाडी नक्षत्रावरूनच ठरतात, त्यांना वेगळे अस्तित्व नाही. नक्षत्र आणि नाडी जन्माच्या वेळच्या टिपणावरून आलेली असणार, आणि गण कोणीतरी १३ तारीख घालून काढलेल्या नव्या पत्रिकेवरून उचलला असणार. पानावरच्या दोन ओळींचे एकमेकींशी पटत नाही, म्हणून त्यांच्या वर कुठेतरी तारखेची गडबड आहे हे कळते. ज्योतिष येत नसले तरी ही तपासणी होते, कारण पंचांगातल्या अवकहडा चक्रात सत्तावीस नक्षत्रांपुढे गण, नाडी आणि रास दिलेली असते. आपले नक्षत्र शोधायचे आणि ओळ जुळवायची.

नाडी चुकली तर किती फरक पडतो? गुणमेलनात एकूण ३६ गुण असतात, त्यातले ८ एकट्या नाडीचे आणि ६ गणाचे. समजा, समोरच्या मुलाचे नक्षत्र आर्द्रा आहे, नाडी आद्य. मुलगी भरणीची, म्हणजे मध्य नाडीची, तर आठही गुण मिळतात. तीच अश्विनीची धरली तर दोघांची नाडी एक, गुण शून्य, आणि वर एकनाडीचा दोष. पुष्कळ घरांत इथेच बोलणे थांबते.

रात्र आणि दुपार यांच्या गोंधळाने आणखी वेगळा परिणाम होतो. तारीख सुधारून १४ केली, पण वेळेपुढे ‘रात्री’ लिहिले नाही, तर विवाहविषयक संकेतस्थळावर माहिती भरणारा AM आणि PM यांतले एक निवडणार. मध्यरात्रीनंतरच्या बाराला AM म्हणतात हे अनेकांना पटकन आठवत नाही, त्यामुळे बारा ते एकच्या मधल्या वेळा सर्वांत जास्त उलटतात. १४ च्या दुपारी बारा पन्नासलाही नक्षत्र भरणीच राहते, फक्त चरण पुढे जाते. रास, गण, नाडी सगळे जागच्या जागी. म्हणजे आत्ता केलेल्या तपासणीत ही चूक सापडणार नाही.

बदलते ते लग्न. पूर्व क्षितिजावर उगवणारी रास सुमारे दोन तासांनी बदलते. पुण्यात त्या रात्री बारा पन्नासला सिंह लग्न होते आणि दुपारी बारा पन्नासला मकर. मंगळ त्या दिवशी धनु राशीत होता. सिंहेपासून मोजले तर धनु पाचवे स्थान, मकरेपासून मोजले तर बारावे. आपल्याकडे मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी असला की पत्रिकेला मंगळ आहे असे म्हणतात. म्हणजे रात्री जन्मलेल्या या मुलीला मंगळ नाही, आणि PM ची कळ दाबली की मंगळ आहे. पालक मग मंगळाचीच स्थळे शोधत बसतात, आणि बिनमंगळाची स्थळे आपणहून दूर होतात.

थोडीशी गोल केलेली वेळही लग्नाच्या सीमेजवळ त्रास देते. हीच वेळ कोणी ‘सव्वाबाराचा सुमार’ अशी सांगितली असती तर लग्न कर्क आले असते. मंगळाचे स्थान तेव्हा सहावे, म्हणून या मुलीपुरते बिघडले नसते, पण दुसऱ्या दिवशीच्या दुसऱ्या कोणाचे बिघडले असते. वेळ अंदाजे असेल तर ‘अंदाजे’ हा शब्द छापावा. त्यात कमीपणा नाही, आणि पत्रिका पाहणाऱ्याला कुठे सांभाळून बोलायचे ते समजते.

मूळ वेळ शोधायची कुठे? जन्मदाखल्यावर जन्मतारीख असते, जन्मवेळ नसते, हे अनेकांना दाखला हातात घेतल्यावरच कळते. वेळ मिळते दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर किंवा बाळंतपणाच्या कागदांत. ते नसतील तर त्या वेळी भटजींनी करून दिलेले टिपण शोधावे. टिपणात वार, तिथी, नक्षत्र दिलेले असते, त्यामुळे निदान कोणती तारीख धरली होती ते पडताळता येते. आठवणीवरच अवलंबून राहायचे असेल तर मावशीला असे प्रश्न विचारावेत : बाहेर उजाडले होते का, दवाखान्यात दिवे होते का, डबा कोणत्या वेळचा आला होता? वेळेचा आकडा विसरलेल्यांना या गोष्टी आठवतात आणि निदान रात्र की दिवस हे पक्के होते.

तारखेबद्दल एक गोष्ट मराठी घरांनी विशेष लक्षात ठेवावी. शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख लिहून टाकण्याची पद्धत आपल्याकडे दीर्घकाळ होती. ज्यांच्या दाखल्यावर १ जून आहे, त्यांची खरी तारीख बऱ्याचदा वेगळी असते. बायोडाट्यात पत्रिकेसाठी खरी तारीख द्यावी लागते, आणि पुढे विवाह नोंदणीला कागदावरची तारीख लागते. दोन्ही वेगळ्या असतील तर दोन्ही लिहाव्यात : ‘जन्मतारीख (पत्रिकेप्रमाणे)’ आणि ‘कागदोपत्री’. नाहीतर हा फरक नोंदणीच्या कार्यालयात पहिल्यांदा उघड होतो आणि सासरच्यांना वाटते की आपल्यापासून वय लपवले.

या सगळ्यानंतर आपल्या मुलीची ओळ अशी होते : ‘शुक्रवार, १४ नोव्हेंबर १९९७, रात्री १२.५० (१३ व १४ च्या मधली रात्र), पुणे’. लांब वाटेल, पण आता तिचा दुसरा अर्थ लागत नाही. महिना शब्दांत लिहिला आहे हेही महत्त्वाचे. १३/११ उलटे वाचता येत नाही, कारण तेरावा महिना नाही. पण ५/११ असते तर अमेरिकेतल्या भावाने ते ११ मे वाचले असते. मूल परदेशात जन्मले असेल तर तिथली स्थानिक वेळ आणि गाव द्यावे, भारतीय वेळेत रूपांतर करून देऊ नये. नाहीतर पत्रिका करणारा तेच रूपांतर पुन्हा एकदा करतो.

शिक्षणाच्या ओळीत नमुन्यात बी.ई. २०१८ आहे. नोव्हेंबर १९९७ चा जन्म, तर दहावी साधारण २०१३, बारावी २०१५ आणि चार वर्षांची बी.ई. २०१९. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला असला तरीही २०१९ च येते. मग २०१८ कुठून आले? शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका शैक्षणिक वर्ष ‘२०१८-१९’ दाखवते, आणि टाइप करणाऱ्याने पहिला आकडा घेतला. एखादे वर्ष मागे-पुढे असण्याला खरी कारणेही असतात, लवकर शाळा, आजारपण, राहिलेला विषय. पण गणित आधी घरी करून पाहिलेले बरे, कारण समोरचे ते करतातच.

‘एम.बी.ए.’ या तीन अक्षरांपुढे मात्र थांबायला हवे. झाले आहे, चालू आहे, की प्रवेश घेतला आहे? आणि ती पदवी आहे की पदविका? विद्यापीठाशी संलग्न नसलेल्या बहुतेक व्यवस्थापन संस्था एम.बी.ए. ही पदवी देऊ शकत नाहीत, त्यांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पी.जी.डी.एम. या नावाने असतो. नोकरीच्या बाजारात दोन्ही चालतात, पण बायोडाट्यात प्रमाणपत्रावर जे आहे तेच लिहावे. सी.ए.ची परीक्षा देणाऱ्यांनी ‘सी.ए. इंटर उत्तीर्ण, अंतिम परीक्षा चालू’ असे पूर्ण लिहावे. नुसते ‘सी.ए.’ छापले गेले तर खुलासा करताना माणूस खोटा ठरतो, त्याने मुद्दाम केले नसले तरी. विद्यापीठाचे नावही पदवीवर आहे तसे. पुणे विद्यापीठाचे नाव २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले, तेव्हा २०१९ च्या पदवीपुढे ‘पुणे विद्यापीठ’ लिहिले तर ते प्रमाणपत्राशी जुळत नाही. आईच्या १९९० च्या पदवीपुढे मात्र जुनेच नाव बरोबर.

संपर्काच्या ओळीत मराठी माणसाची एक खास चूक होते. घरी कच्चा कागद देवनागरी आकड्यांत लिहिला जातो आणि दुकानात तो इंग्रजी आकड्यांत टाइप होतो. हाताने लिहिलेला १ हा 9 सारखा दिसतो, ४ हा 8 सारखा, ७ हा 6 सारखा. टाइप करणारा दिवसभर दोन्ही लिप्यांत काम करत असतो, त्याची नजर क्षणभर घसरते आणि आकडा बदलतो. अंक दहाच राहतात, म्हणून मोजून ही चूक सापडत नाही. मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, एवढी खूण फक्त पहिल्या अंकाला लागू पडते.

म्हणून क्रमांक वाचून तपासू नये, लावून पाहावा. छापील किंवा पीडीएफ प्रत दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि त्याने त्यावरचा क्रमांक एकेक अंक दाबून लावायचा, साठवलेल्या नावावरून नाही. वडिलांचा फोन वाजला की ती ओळ झाली. ई-मेललाही तेच : कागदावरून पत्ता टाइप करून एक कोरा मेल पाठवायचा. इंग्रजी l आणि 1, o आणि 0 डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत, पण मेल परत आला की कळते. क्रमांकापुढे तो कोणाचा हे लिहावे, ‘वडील’, ‘मामा’, आणि त्या माणसाला आधी सांगून ठेवावे. अनोळखी फोनला मामांनी ‘कोण पाहिजे?’ विचारून ठेवून दिला तर क्रमांक बरोबर असून उपयोग नाही. स्थळे परदेशातूनही येणार असतील तर सुरुवातीला +91 द्यावे. घराचा पूर्ण पत्ता, फ्लॅट क्रमांकासकट, पहिल्याच कागदावर देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. हा कागद कोणाकोणाच्या फोनवर जाईल यावर आपला ताबा नसतो. गाव, तालुका, जिल्हा पुरे.

शेवटचे वाचन दोघांनी करावे. एकाच्या हातात मूळ कागद, दुसऱ्याच्या हातात छापलेला बायोडाटा. कागदवाल्याने मोठ्याने वाचायचे आणि आकडे सुटे सुटे उच्चारायचे, ‘चौदा-अकरा-सत्त्याण्णव’ नव्हे तर ‘चौदा, नोव्हेंबर, एक-नऊ-नऊ-सात’. छापील प्रत पाहणाऱ्याने फक्त बघायचे, पुढचे वाक्य आधीच म्हणायचे नाही. मुलीने स्वतः दुसरे व्हावे हे उत्तम नाही, कारण तिला आपली माहिती पाठ असते आणि पाठ असलेले डोळे दुरुस्त करून वाचतात. काकू किंवा शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा हे काम जास्त चांगले करेल.

एकदा पान पक्के झाले की तेच मूळ ठरवावे. इंग्रजी प्रत, संकेतस्थळावरची माहिती, वधूवर मंडळाचा फॉर्म, व्हॉट्सअॅपवरचा छोटा मजकूर, सगळे त्यावरूनच भरायचे, एकावरून दुसरे नाही. पानाच्या तळाशी ‘माहिती दिनांक’ घालावा आणि वय लिहू नये. जन्मतारीख जुनी होत नाही, वय दरवर्षी चुकते. नोकरी बदलली, एम.बी.ए. पूर्ण झाले, की तारीख बदलून नवी प्रत काढायची. जुन्या प्रती मात्र लोकांच्या फोनवर राहतातच, वर्षा-दोन वर्षांनीही कोणीतरी ती पुढे पाठवते. ज्यांना ज्यांना आधी पाठवली त्यांची यादी ठेवली असेल तर नव्या प्रतीबरोबर एक ओळ लिहिता येते : ‘आधीच्या प्रतीत जन्मतारीख १३ छापली होती, ती १४ नोव्हेंबर आहे, नक्षत्र भरणी, गण मनुष्य, नाडी मध्य, कृपया पत्रिका यावरून पाहावी.’ ज्या घरांनी एकनाडी म्हणून नकार दिला होता, त्यांनाही ही ओळ पाठवायला हरकत नाही.